पेपर टाकल्यानंतरचे साठ दिवस

इंजिनिअरच्या राजीनाम्याच्या मेलमध्ये बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात: शेवटचा दिवस कोणता, साहेबांचे आभार आणि हातातलं काम नीट सोपवून देण्याची तयारी. तारखेची नोंद एचआर करून घेतं, आभार साहेब वाचतात. तिसरी गोष्ट मात्र ‘हँडओव्हरसाठी लागेल ती मदत करीन’ एवढ्या एका वाक्यात उरकलेली असते आणि तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. खरं तर नोटिशीचे दोन-तीन महिने सत्कारणी लागणार की वाया जाणार, हे त्या वाक्यावर ठरतं. ते नीट लिहिलं तर काय होतं आणि मोघम ठेवलं तर काय होतं, हे एका उदाहरणातून पाहता येईल.

समजा, पुण्यात बाणेरला पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे. तिथे चार वर्षं काम केलेल्या एका इंजिनिअरने दुसरीकडे नोकरी धरली आहे. रोज रात्री अडीच वाजता चालणारा एक प्रोग्राम तिच्याकडे आहे. ग्राहकांनी दिवसभरात यूपीआयने भरलेल्या रकमा आणि बँकेकडून आलेली फाइल तो जुळवून पाहतो आणि ज्या रकमा जुळत नाहीत त्यांची यादी सकाळी पतसंस्थेच्या लेखापालासमोर ठेवतो. तिने सोमवारी, २ मार्च २०२६ रोजी सकाळी साहेबांना केबिनमध्ये भेटून सांगितलं आणि दुपारी मेल केला. असे मेल बहुतेक इंग्रजीत जातात. मराठीत तो साधारण असा असेल:

‘नमस्कार सर, आज सकाळी आपलं बोलणं झालं, त्यानुसार मी सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातल्या ६० दिवसांच्या नोटिशीप्रमाणे माझ्या कामाचा शेवटचा दिवस ३० एप्रिल २०२६ असेल.

दोन वर्षांपूर्वी जमा-पडताळणीचं काम तुम्ही माझ्या एकटीवर सोपवलंत आणि पहिल्या मार्चअखेरीला रात्रभर सोबत थांबलात. एवढी मोठी जबाबदारी पेलता येते हा विश्वास मला तिथे आला. मनापासून आभार.

माझ्याकडच्या सगळ्या कामांची यादी शुक्रवारी, ६ मार्चला पाठवते. पडताळणी कोणाकडे द्यायची हे १० मार्चपर्यंत ठरलं, तर यंदाची मार्चअखेर त्या व्यक्तीला माझ्यासोबत हाताळता येईल. एप्रिलमध्ये काम त्यांनी करावं आणि मी मदतीला असावं, असं सुचवते. गेल्यानंतरही १५ मेपर्यंत काही अडलं तर फोनवर माहिती देईन.

राजीनामा मिळाल्याचं आणि शेवटच्या तारखेचं कृपया उत्तरात कळवावं.’

या मेलमध्ये जाण्याचं कारण दिलेलं नाही, नव्या कंपनीचं नाव नाही, पगाराचा उल्लेख नाही. तक्रारही नाही. तक्रारी असतील तर त्यांच्यासाठी एचआरची निरोपाची मुलाखत असते. हा मेल वर्षानुवर्षं फाइलमध्ये राहणारा कागद आहे, आणि तो पुढे ज्यांच्या हाती पडेल त्यांना त्या दिवशीच्या मनःस्थितीची काहीच कल्पना नसते.

आधी तारखेचं पाहू, कारण ती दिसते तितकी सोपी नाही. मेल पाठवला तो दिवस पहिला धरला तर २ ते ३१ मार्चचे ३० आणि एप्रिलचे ३० असे ६० दिवस ३० एप्रिलला पुरे होतात. दुसऱ्या दिवसापासून मोजणी केली तर साठावा दिवस १ मे. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, वार शुक्रवार, आणि पुढे शनिवार-रविवार. काही ठिकाणी शेवटचा दिवस कामाचाच हवा असतो, म्हणजे तो थेट ४ मेवर जातो. नव्या कंपनीत ४ मेलाच रुजू व्हायचं ठरलं असेल तर इथे गाठ बसते. शिवाय अनेक कंपन्या मेलची तारीख धरतच नाहीत, एचआरच्या पोर्टलवर राजीनाम्याची नोंद झाली ती तारीख धरतात. म्हणून मेल आणि पोर्टलवरची नोंद एकाच दिवशी व्हायला हवी आणि हिशेब करून काढलेली तारीख मेलमध्ये स्पष्ट लिहायला हवी. ‘नियमानुसार नोटीस देत आहे’ एवढंच लिहिलं तर तो हिशेब दुसऱ्याच्या हाती जातो.

पाच वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी मेल लिहिण्याआधी आणखी एक गोष्ट बघावी. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा लागते. नोटिशीचा काळही नोकरीतच धरला जातो, त्यामुळे काही आठवडे इकडेतिकडे झाल्याने मोठी रक्कम मिळू शकते किंवा हातची जाऊ शकते.

मेलमधली शेवटची ओळ, म्हणजे राजीनामा मिळाल्याचं कळवण्याची विनंती, शिष्टाचारापुरती नाही. तिचं महत्त्व कोकण रेल्वेच्या एका प्रकरणात दिसतं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने २३ वर्षांच्या नोकरीनंतर डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि पुढे २६ मे २०१४ रोजी तो मागे घेतला. राजीनामा एप्रिलमध्येच मंजूर झाला होता, असं महामंडळाचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल दिला तो कर्मचाऱ्याच्या बाजूने. मंजुरीचं पत्र कार्यालयातल्या कार्यालयात राहिलं, ते त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं, आणि मधल्या काळात त्याला कामावर बोलावलंही जात होतं, हे न्यायालयाने ध्यानात घेतलं. सार्वजनिक उपक्रमातल्या नोकरीचे नियम खासगी कंपनीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही नोकरी नेमकी कधी संपली हा वाद उभा राहिला, की दोन्ही बाजूंचा लेखी पत्रव्यवहारच कामी येतो. साहेबांनी तोंडी ‘ठीक आहे’ म्हटलं आणि महिन्याभराने त्यांचीच बदली झाली, तर त्या ‘ठीक आहे’ला साक्षीदार उरत नाही. मेलचं उत्तर आलं की राजीनामा आणि ते उत्तर या दोन्हींची प्रत कंपनीच्या नियमात बसेल अशा रीतीने स्वतःकडे ठेवावी, कारण शेवटच्या दिवशी ऑफिसचा मेलबॉक्स बंद होतो.

आभाराच्या परिच्छेदाबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. ‘तुमच्या मार्गदर्शनाबद्दल आभार’ हे वाक्य कोणालाही पाठवता येतं. ‘पहिल्या मार्चअखेरीला रात्रभर सोबत थांबलात’ हे एकाच माणसाला पाठवता येतं. साहेबांशी फारसं पटलं नसेल, तरी त्यांनी केलेली एखादी खरी गोष्ट सापडतेच. ती लिहावी आणि त्यापलीकडे जाऊ नये. खोटी स्तुती वाचणाऱ्यालाही अवघडून टाकते.

आता हँडओव्हर. ६० दिवस म्हटले की भरपूर वेळ वाटतो. प्रत्यक्षात २ मार्च ते ३० एप्रिल या काळात सोमवार ते शुक्रवार असे ४४ दिवस येतात, आणि धुळवड, गुढीपाडवा, गुड फ्रायडे, आंबेडकर जयंती वजा केली की चाळीस उरतात. यात नेहमी काय होतं, ते आयटीत काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पहिले दोन आठवडे ‘थांबता का, पगार वाढवून देतो’ यात जातात. पुढचे तीन-चार आठवडे जुनंच काम चालू राहतं, कारण बदली माणूस मिळालेला नसतो. शेवटच्या आठवड्यात घाईघाईने केटी होते: तीन-चार तासांच्या बैठका, त्यांचं रेकॉर्डिंग आणि चाळीस पानांचं डॉक्युमेंट. ते रेकॉर्डिंग पुन्हा उघडून बघणारा माणूस विरळा.

म्हणून मेलमधली ६ आणि १० मार्च या तारखा मोलाच्या आहेत. पहिली तारीख तिने स्वतःवर घातलेलं बंधन आहे. दुसरीत साहेबांकडून एक निर्णय मागितला आहे, आणि तो वेळेत झाला नाही तर काय हातचं जाईल हेही सांगितलं आहे. पडताळणीच्या कामात वर्षातून एकदाच येणारी अडचण ३१ मार्चला येते. त्या दिवशी पतसंस्थांची वसुली जोरात असते, व्यवहार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतात, बँकेची फाइल उशिरा येते आणि रात्री अडीचला प्रोग्राम सुरू होतो तेव्हा ती अर्धवटच असू शकते. हे कागदावर वाचून समजत नाही. ती रात्र जुन्या माणसाच्या शेजारी बसून एकदा काढली, तर पुढच्या वर्षी नवा माणूस गोंधळणार नाही. ती संधी हुकली तर पुढची मार्चअखेर त्याला एकट्यालाच काढावी लागेल.

यादी करायला बसलं की पहिला प्रश्न येतो, आपल्याकडे नेमकं काय काय आहे? चार वर्षांत माणूस बरंच काही लावून ठेवतो आणि विसरून जातो. स्मरणावर विसंबण्यापेक्षा मशीनलाच विचारलेलं बरं. आपल्या लॉगिनने सर्व्हरवर जाऊन आणि कोडच्या भांडारात अशा दोन-तीन कमांड चालवल्या की चित्र दिसायला लागतं:

```
crontab -l
systemctl --user list-timers
git shortlog -sn --since="1 year ago" HEAD -- billing/
```

पहिल्या दोन कमांड आपल्या नावाने ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं दाखवतात. तिसरी `billing` या फोल्डरमध्ये गेल्या वर्षभरात कोणी किती बदल केले ते सांगते. तिथे एकच नाव सगळ्यात वर आणि बाकीचे नावापुरते असं दिसलं, तर तो भाग त्या एका माणसावर उभा आहे. मात्र दिसणारी यादी पूर्ण समजू नये. आपोआप चालणारी कामं सर्व्हरच्या सामायिक यादीत असतात, कोड पुढे नेणाऱ्या यंत्रणेतही असतात आणि ती वेगळी तपासावी लागतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो माणसाच्या नावावर चालणाऱ्या यंत्रांचा. आपल्या उदाहरणात रात्रीचा प्रोग्राम कोड उचलतो तो त्या इंजिनिअरच्या वैयक्तिक टोकनने. दोन वर्षांपूर्वी घाईत तसं केलं, काम चाललं आणि मग कोणी लक्ष दिलं नाही. ३० एप्रिलला संध्याकाळी सहा वाजता आयटी विभाग नियमाप्रमाणे तिचं खातं बंद करतो आणि त्यासोबत टोकनही बंद पडतं. १ मेच्या पहाटे अडीच वाजता प्रोग्राम सुरूच होत नाही. बिघाड झाल्याचा इशारा कोणाला जातो? तिच्याच बंद झालेल्या मेलबॉक्सला. शुक्रवारी सुट्टी, मग शनिवार-रविवार. ४ मेला लेखापालांचे फोन सुरू होतात तोवर चार रात्रींचं काम तुंबलेलं असतं आणि नवा माणूस कोडमध्ये चूक शोधत बसलेला असतो. कोडमध्ये चूक नसतेच.

हे टाळायची रीत साधी आहे, पण तिला लवकर हात घालावा लागतो. वैयक्तिक टोकनच्या जागी कोणाही एका माणसाचं नसलेलं सर्व्हिस अकाउंट लावायचं आणि इशारे एका माणसाऐवजी टीमच्या पत्त्यावर वळवायचे. मग एप्रिलच्या मध्यावर, ती स्वतः ऑफिसात हजर असताना, तिचे अधिकार मुद्दाम काढून घ्यायचे आणि दोन आठवडे काय बंद पडतं ते बघायचं. जे काही मोडायचं ते तेव्हाच मोडतं, आणि दुरुस्त करायला जाणकार माणूस समोर असतो. नोटिशीच्या काळातली सर्वात उपयोगी चाचणी हीच, आणि ती फार थोड्या ठिकाणी होते. अधिकार काढणं म्हणजे अविश्वास, असा समज आड येतो. मेलमध्येच ‘१५ एप्रिलला माझे अधिकार काढून बघू या’ असं जाणाऱ्यानेच सुचवलं, तर तो समज उरत नाही.

काही गोष्टी मात्र दोन आठवड्यांतही होत नाहीत. बँकेच्या सर्व्हरवरून फाइल उचलण्यासाठी लागणारी की बँकेकडे तिच्या नावाने नोंदलेली असू शकते. ती बदलायला कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीचं पत्र लागतं आणि बँकेतल्या मंजुऱ्यांना वेळ लागतो. एखाद्या सेवेच्या पोर्टलचा ओटीपी तिच्या खासगी मोबाइलवर येत असतो. डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना तिच्या मेलवर येते, आणि नूतनीकरणाला अजून आठ महिने असतील तर या सगळ्या गडबडीत कोणाला आठवतही नाही. बाहेरच्या संस्थेवर अवलंबून असलेल्या अशा गोष्टी यादीत सर्वात वर हव्यात आणि त्यांची पत्रं पहिल्याच आठवड्यात जायला हवीत.

लिहून काय ठेवायचं, यावरही थोडं बोलायला हवं. प्रोग्राम कसा चालतो हे कोड वाचून कळतं, त्यावर पानं भरण्यात अर्थ नाही. लिहायचं ते ‘का’. वेळ अडीचचीच का ठेवली? एका बँकेच्या फाइलमध्ये तारीख एक दिवस पुढची येते, ती चूक समजून दुरुस्त करू नये, ते का? कोणत्या पतसंस्थेचा फोन कशासाठी येतो आणि त्यांना काय उत्तर दिलं की पुरतं? असली माहिती कुठल्याही कोडमध्ये नसते. ती सहा-सात पानांत मावते, आणि ती पानं नव्या माणसाने स्वतःच्या शब्दांत लिहून जुन्याकडून तपासून घेतली तर आणखी चांगलं, कारण त्याला काय कळलं नाही ते लगेच उघडं पडतं.

शिकवण्याचा क्रमही असाच पुढे सरकतो. मार्चमध्ये ती करते, तो बघतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तो करतो, ती बघते. दुसऱ्या पंधरवड्यात तो एकटा करतो आणि ती एक-दोन दिवस रजा घेते, फोनही घेत नाही. त्या दिवसांत अडलेल्या प्रश्नांची वही हीच पुढच्या आठवड्याची कामाची यादी होते.

सॉफ्टवेअरच्या जगातला गाजलेला एक राजीनामाही मेलनेच आला होता. पायथन ही संगणकाची भाषा तयार करणाऱ्या गिदो व्हान रॉसम यांनी १२ जुलै २०१८ रोजी सहकाऱ्यांना `Transfer of power` या विषयाचा मेल पाठवला आणि भाषेबद्दलचा शेवटचा शब्द आपला असण्याची व्यवस्था संपवली. त्यांना साहेब नव्हता आणि नोटिशीची अटही नव्हती, त्यामुळे तुलना पुरती जुळत नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपण वारस नेमणार नाही, हे त्यांनी सांगितलं आणि आपण बाजूला झाल्यावर कोणते निर्णय अधांतरी राहतील तेही लिहिलं: भाषेत बदल सुचवणारे प्रस्ताव कोण ठरवणार, आणि नवे सदस्य कसे घेतले जाणार. काही काळ साधा सदस्य म्हणून आणि इतरांना शिकवण्यासाठी हजर असल्याचंही कळवलं. सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या व्यवस्थांचे प्रस्ताव मांडले, डिसेंबरमध्ये मतदान केलं आणि २०१९च्या सुरुवातीला पाच जणांचं सुकाणू मंडळ निवडलं. काय सुटं पडणार हे मेलमध्येच लिहिलेलं असल्यामुळे चर्चेला नेमका विषय मिळाला.

कधी कधी कंपनीच हँडओव्हर नाकारते. मेल पोहोचल्याच्या संध्याकाळी लॅपटॉप जमा करायला सांगतात, विशेषतः माणूस स्पर्धक कंपनीत चालला असेल तर. उलट बाजूने नवी कंपनी लवकर बोलावते आणि उरलेल्या दिवसांचा पगार भरून सुटका करून घेण्याचा, म्हणजे बायआउटचा प्रश्न येतो. तो मूळ वेतनावर मोजायचा की पूर्ण पगारावर, हे नेमणूकपत्रात काय लिहिलंय त्यावर ठरतं. ठरलेले दिवस न भरता निघून जाणाऱ्याला न्यायालय जबरदस्तीने कामावर बसवत नाही. भरपाई मात्र मागितली जाऊ शकते, आणि पुढच्या नोकरीत हटकून मागितलं जाणारं रिलीव्हिंग लेटर अडून राहतं. या दोन्ही परिस्थितींत पहिल्याच आठवड्यात पाठवलेली कामांची यादी हाताशी असली, की उरलेल्या दोन दिवसांतही महत्त्वाचं तेवढं सांगून होतं.

राहता राहिलं ‘१५ मेपर्यंत फोनवर माहिती देईन’. या वाक्यात मुदत आहे आणि मर्यादाही आहे, दोन्ही जाणूनबुजून घातलेल्या. माहिती देणं म्हणजे ‘ती फाइल अमुक ठिकाणी आहे, ती वही बघ’ असं सांगणं. जुन्या सर्व्हरवर लॉगिन करून स्वतः दुरुस्ती करणं त्यात बसत नाही. नोकरी संपल्यावर परवानगीशिवाय कंपनीच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली अडचणीचं ठरू शकतं, मग हेतू मदतीचा का असेना. नव्या कंपनीच्या करारातही दुसऱ्याचं काम करायला बंदी असते. म्हणूनच जुना पासवर्ड अजून चालतोय असं लक्षात आलं, तर तो वापरून बघण्याऐवजी जुन्या साहेबांना तसं कळवायचं असतं.

हिशेबाचं शेवटचं टोक कंपनीकडे असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवं. आधी अनेक ठिकाणी फुल अँड फायनलसाठी महिना-दीड महिना सहज जायचा. आपल्या उदाहरणातल्या इंजिनिअरचा शेवटचा दिवस ३० एप्रिल. मध्ये १ मेची सुट्टी आणि शनिवार-रविवार धरले, तर ती मुदत मंगळवारी, ५ मेला पुरी होते.